राजीनामा सचिवांचा, दप्तर सोसायटीचं

‘मा. अध्यक्ष यांस, सप्रेम नमस्कार. गेली चार वर्षे मी आपल्या संस्थेचा मानद सचिव म्हणून काम पाहत आहे. अलीकडे प्रकृतीच्या तक्रारींमुळे आणि वेळेअभावी मला या पदाला न्याय देणे शक्य होत नाही. तरी माझा राजीनामा स्वीकारून मला जबाबदारीतून मुक्त करावे, ही विनंती. संस्थेचे सर्व दप्तर व हिशेब मी सुरळीतपणे सुपूर्द करीन. आजवर दिलेल्या सहकार्याबद्दल सर्वांचा आभारी आहे.’

गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब तपासणं हे माझं काम आहे, आणि अशी पत्रं त्या कामात सतत हाती येतात. मजकूर जवळजवळ हाच असतो. लिहिणाऱ्याची भावना बहुतेक वेळा अगदी खरी असते. रक्तदाब वाढलेला असतो, गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली असते किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने परगावी जायचं असतं. अडचण येते ती दप्तर सोपवण्याच्या वाक्यात. काय सोपवणार, कोणाकडे आणि कोणत्या तारखेला, यातलं काहीच त्यात नसतं. पुढे दोन-तीन वर्षांनी एखादा कागद सापडत नाही, तेव्हा याच वाक्यावरून वाद होतो. माजी सचिव म्हणतात, मी सगळं दिलं. नवे सचिव म्हणतात, मला हे मिळालंच नाही. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण काय दिलं याची यादीच कोणी केलेली नसते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गृहनिर्माण संस्था सहकार खात्याच्या आदर्श उपविधींवर चालतात. या उपविधींनी सचिवांच्या राजीनाम्याचा विचार नीट केलेला आहे, पण ते पान फारसं कोणी उघडत नाही. सचिवांनी किंवा खजिनदारांनी आपला राजीनामा अध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो. उपनिबंधकांच्या नावे नाही, आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. तो स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीचा आहे. त्यातही एक अट आहे. सचिवांनी आपल्याकडचं काम अद्ययावत केलं आहे आणि संस्थेचे सर्व कागद आणि मालमत्ता समितीपुढे हजर केली आहे, अशी खात्री पटल्यावरच समितीने राजीनामा स्वीकारायचा आहे.

म्हणजे नियमाने क्रम ठरवून दिला आहे: आधी काम पूर्ण, मग दप्तर समोर, मग मंजुरी आणि त्यानंतर पदभार. आपल्याकडे तो उलटा फिरतो. मासिक सभेत पत्र वाचलं जातं, दोन मिनिटं हळहळ व्यक्त होते, आभाराचा ठराव होतो, राजीनामा मंजूर होतो आणि ‘दप्तराचं बघू पुढच्या रविवारी’ असं ठरतं. एकदा मंजुरी दिली, की समितीच्या हातातला धरून ठेवायचा दोरा सुटला.

इथे आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. सचिवपद सोडणं वेगळं आणि समितीचं सदस्यत्व सोडणं वेगळं. फक्त पद सोडलं, तर ती व्यक्ती समितीत राहते आणि समिती आपल्यातल्याच दुसऱ्या सदस्याला सचिव निवडते. सदस्यत्वच सोडलं, तर समितीत जागा रिकामी होते आणि ती भरण्याचे नियम निराळे आहेत. समितीची निम्म्याहून कमी मुदत उरली असेल, तर त्याच प्रवर्गातल्या सभासदाला नामनिर्देशनाने घेता येतं. शिवाय सदस्यत्वाच्या राजीनाम्याला उपविधींनी मुदत घातली आहे. समितीने तो स्वीकारला त्या दिवशी, किंवा पत्र मिळाल्यापासून एक महिना संपला त्या दिवशी, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो अमलात येतो. ‘मला जबाबदारीतून मुक्त करावे’ या शब्दांवरून यातलं नेमकं काय सोडलं ते कळत नाही. आजारी माणसाने दोन्ही सोडावं हे समजण्यासारखं आहे. पण ज्याला फक्त धावपळ झेपत नाही, त्याने समितीत राहून पद तेवढं सोडलं, तर नव्या सचिवाला शेजारी बसून विचारायला हक्काचं माणूस मिळतं. माझा कल याच बाजूला आहे.

आता एक उदाहरण घेऊ. नाव-गाव बाजूला ठेवतो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकाच सोसायटीत बसवतो. समजा ठाण्यातली ४८ सदनिकांची सोसायटी आहे. सचिव बँकेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. १० जूनला त्यांनी वरच्यासारखं पत्र अध्यक्षांच्या हाती दिलं. अध्यक्षांनी दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच दिली. ही पोच फार गरजेची असते, कारण आवक-जावक नोंदवही स्वतः सचिवांच्याच ताब्यात असते आणि आपलंच पत्र आपणच आवक केल्याला पुढे कोणी पुरावा मानत नाही.

समितीची सभा १८ जूनला झाली. त्यात मंजुरीची घाई न करता एवढंच ठरलं की ३० जूनला हिशेब बांधायचा, तोवर खाली राहिलेलं काम पुरं करायचं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात दप्तर तपासून घ्यायचं आणि त्याच सभेत राजीनामा मंजूर करून नवा सचिव निवडायचा. समितीतल्याच एका सदस्येने नव्या सचिव म्हणून तयारी दाखवली. सगळ्यांना तीन आठवडे मिळाले आणि काय करायचं ते स्पष्ट झालं.

खाली राहिलेलं काम म्हणजे बहुतेक सोसायट्यांत इतिवृत्तं. सचिव सभेत डायरीत टिपणं घेतात, ‘नंतर लिहून काढतो’ म्हणतात आणि प्रोसिडिंग बुकात शेवटचं इतिवृत्त पाच महिन्यांपूर्वीचं असतं. या सोसायटीतही फेब्रुवारीनंतरच्या समिती सभांची इतिवृत्तं डायरीतच होती. त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या तीन निविदा उघडून एक मंजूर केल्याची सभा होती. त्या ठेकेदाराला दिलेला पहिला हप्ता ज्या ठरावाच्या जोरावर गेला, तो ठराव पुस्तकात नव्हताच. सचिव गेले असते, तर ती डायरी त्यांच्या घरी राहिली असती आणि लेखापरीक्षणात तो खर्च ठरावाविना झालेला म्हणून नोंदवावा लागला असता. सचिवांनी बसून चारही इतिवृत्तं लिहून काढली, अध्यक्षांनी वाचली, जुलैच्या सभेत ती कायम झाली आणि सह्या झाल्या. डायरीची पानंही फाइलमध्ये लावून ठेवली. नव्या सचिवाला जुन्या सभेचं इतिवृत्त आठवणीवरून कधीही लिहायला लावू नये. ज्या सभेचं कामकाज आपण टिपलेलं नाही, त्याचा मजकूर लिहिणं हे बनावट दस्त तयार करण्याच्या फार जवळ जातं.

इतिवृत्तांइतकंच दुर्लक्ष वारस नामनिर्देशनाकडे होतं. सभासद अर्ज भरून देतो, सचिव तो ठेवून घेतात, पण तो समितीच्या सभेपुढे ठेवून नामनिर्देशन नोंदवहीत चढवायचं राहून जातं. इथे कपाटातल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत असे सहा अर्ज निघाले. त्यातले एक सभासद हयात नव्हते. त्यांच्या मुलांमध्ये सदनिकेवरून वाद सुरू झाला, तेव्हा हा कागद संस्थेकडे होता की नव्हता, या प्रश्नावर सगळ्या समितीला उभं राहावं लागलं असतं. जूनच्या सभेत सगळे अर्ज ज्या स्थितीत आणि ज्या पोचतारखेसह सापडले, तसेच मांडले गेले आणि इतिवृत्तात त्यांची नोंद झाली. मागची तारीख घालायचा मोह टाळला, हे फार बरं केलं.

हिशेबाकडे येऊ. बरेचसे सचिव ‘हिशेब दिले’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात व्हाउचरची फाइल आणि पासबुक असतं. घेणाऱ्याने मात्र एकच प्रश्न विचारावा: ठरलेल्या तारखेला कीर्दीतली बँक शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळते का, आणि जुळत नसेल तर फरक कशाचा आहे? या सोसायटीत ३० जूनला कीर्दीप्रमाणे बँकेत ४,१२,३५० रुपये असायला हवे होते. पासबुक मात्र ४,६१,८५० रुपये दाखवत होतं. फरक ४९,५०० रुपयांचा. पैसे जास्तच आहेत म्हणून कोणी काळजी केली नसती, पण जास्त दिसणाऱ्या पैशांतही अडचण दडलेली असू शकते.

फरक असा उलगडला. लिफ्टवाल्याला ३८,००० रुपयांचा आणि सुरक्षा एजन्सीला २६,००० रुपयांचा धनादेश दिला होता. कीर्दीत दोन्ही लिहिले होते, पण त्यांनी ते अजून बँकेत भरले नव्हते. म्हणून पासबुकात ६४,००० रुपये जास्त दिसत होते. उलट सभासदांचे १८,००० रुपयांचे धनादेश ३० तारखेला संध्याकाळी भरले होते. ते कीर्दीत जमा होते, बँकेत अजून नव्हते. चौसष्टमधून अठरा वजा केले, तर ४६,००० रुपयांचा हिशेब लागतो. राहिले ३,५०० रुपये.

साडेतीन हजार हा तिथला एका महिन्याचा देखभाल आकार. २१ मे रोजी कोणीतरी तो थेट खात्यात ऑनलाइन भरला होता. पासबुकात नाव अर्धवट, सदनिका क्रमांक नाही. तो कोणाचा, हे फक्त सचिवांना ठाऊक होतं, कारण त्या सभासदाने पैसे भरल्याचं चित्र त्यांच्या मोबाइलवर पाठवलं होतं. सचिव ते लिहायचे राहून गेले होते. ही रक्कम तशीच अनामत खात्यात पडून राहिली असती, तर त्या सभासदाच्या बिलात ३,५०० रुपये थकबाकी आणि त्यावर व्याज चढलं असतं. उपविधींनी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज घ्यायला मुभा दिली आहे. वर्षभराने त्या घरी थकबाकीची नोटीस गेली असती आणि नव्या सचिवांना पहिलं भांडण एका वेळेवर पैसे भरणाऱ्या माणसाशी करावं लागलं असतं. म्हणून ताळमेळपत्रक ही हस्तांतरणाची पहिली अट मानावी. बँकेच्या प्रत्येक खात्याचं एक पान, खाली सचिव आणि खजिनदार या दोघांच्या सह्या. सोबत त्याच तारखेची सभासदवार येणे बाकीची यादी आणि मुदतठेवींच्या मूळ पावत्या, त्या कधी पिकतात त्या तारखांसह.

रोख रक्कम मोजून, नोटांचा तपशील लिहून द्यावी. धनादेशपुस्तकातली कोरी पानं क्रमांकासह मोजावीत. आणि त्या पुस्तकात आधीच सही करून ठेवलेला कोरा धनादेश सापडला, तर तो तिथेच सगळ्यांसमोर आडवी रेघ मारून रद्द करावा. ‘खजिनदार गावाला जाणार होते म्हणून दोन सह्या करून ठेवल्यात’ ही सवय इतकी सर्रास आहे की त्यात धोका आहे हे कोणाला जाणवतही नाही.

बँकेची सही हा वेगळाच पेच आहे. आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेचं खातं सचिव आणि त्यांच्या जोडीला अध्यक्ष किंवा खजिनदार असं चालवलं जातं. सचिवांची सही दोन्ही जोड्यांत लागते. ते एका दिवसात बाजूला झाले, तर झाडूवाल्याचा पगार आणि पाण्याच्या पंपाचं वीजबिल दोन्ही अडकतात. सही बदलायला बँकेला समितीच्या ठरावाची खरी प्रत आणि नव्या व्यक्तीची ओळखीची कागदपत्रं लागतात, आणि शाखेत फाइल पुढे सरकायला वेळ जातो. आमच्या उदाहरणातल्या सोसायटीने जुलैची नेहमीची देणी जूनअखेरीसच ठरवून, प्रत्येक धनादेशावर नाव, रक्कम आणि तारीख घालून तयार केली. नवी सही नोंदल्याचं बँकेने कळवेपर्यंत जुने सचिव केवळ त्या धनादेशांपुरते बांधील राहतील, असं इतिवृत्तात लिहिलं. त्यानंतर त्यांची सही रद्द करण्याचं वेगळं पत्र बँकेला गेलं. नवी सही जोडली जाते, पण जुनी काढायला कोणी सांगत नाही, असं फार ठिकाणी घडतं.

गेल्या काही वर्षांत कपाटाइतकाच मोठा साठा सचिवांच्या मोबाइलमध्ये जमा झाला आहे. सोसायटीच्या टॅन क्रमांकाचं खातं, नेट बँकिंग, वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक, मालमत्ता कराचं बिल, हिशेबाचं सॉफ्टवेअर या सगळ्यांना कधीतरी एक मोबाइल नंबर द्यावा लागतो आणि सचिव भाबडेपणाने आपला देतात. ई-मेलही त्यांच्याच नावाचा. मग राजीनाम्यानंतर ठेकेदाराचा टीडीएस भरलेला असतो, पण तिमाही विवरणपत्र भरायला लॉगिन करावं तर ओटीपी जातो नाशिकला मुलाकडे राहायला गेलेल्या सचिवांच्या फोनवर. ते रुग्णालयात असतील तर फोन बंद. विवरणपत्राला उशीर झाला, की दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. सोसायटीच्या नावाचं एक सिमकार्ड आणि एक ई-मेल घ्यावा, आणि सचिव घरी असेपर्यंतच, शेजारी बसून, एकेक खातं त्यावर वळवून घ्यावं. पासवर्ड कागदावर लिहून देण्यात अर्थ नाही. नव्या सचिवाने तिथल्या तिथे बदलून लॉगिन करून दाखवावं, तेव्हाच ते खातं सोपवलं गेलं. या सोसायटीत एवढ्या कामाला एक अख्खी दुपार गेली, आणि वीज कंपनीच्या नोंदीत तर नंबर त्याही आधीच्या सचिवांचा निघाला.

तोंडी शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. सचिव चार वर्षांत जिन्यात उभं राहून अनेकांना हो म्हणालेले असतात. तळमजल्याच्या दुकानदाराला पावसाळ्यापुरता पत्रा टाकायला, दुसऱ्या मजल्यावरच्या विधवा बाईंना थकबाकी तीन हप्त्यांत भरायला, एका भाडेकरूला पाहुण्यांच्या जागेत दुचाकी लावायला. यातलं कशालाही ठरावाचा आधार नसतो. नवे सचिव आले की हे सगळे ‘काकांनी सांगितलंय’ म्हणत दारात उभे राहतात. मी सचिवांना अर्धं पान लिहून द्यायला सांगतो: मी कोणाला काय शब्द दिला. समितीने ते पान बघून जे योग्य वाटेल ते ठरावाने पक्कं करावं, नसेल ते स्पष्ट नाकारावं. दोन्हीत माजी सचिवांची अब्रू राहते.

आता कपाट. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी अध्यक्ष, खजिनदार, जुने सचिव आणि नव्या सचिव सोसायटीच्या ऑफिसात बसले. यादी करताना ‘जुन्या फाइली, १२ नग’ असं लिहून चालत नाही. प्रत्येक वहीचं नाव, पहिली आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची, पानं किती, हे लिहावं लागतं. ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही, ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी, भाग नोंदवही आणि भाग दाखल्यांची स्थळप्रत, सर्वसाधारण सभेचं आणि समितीचं अशी दोन प्रोसिडिंग बुकं, कीर्द, खतावणी, व्हाउचर, लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचे ‘ओ’ नमुन्यातले दोषदुरुस्ती अहवाल. त्यापलीकडे जे हरवलं तर परत मिळवायला वर्षं जातात, ते कागद: नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधींची प्रत, अभिहस्तांतरणाचा दस्त, मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत पुनर्विकासाला गेली की याच कागदांची विचारणा होते. शेवटी सोसायटीची मोहोर, रबरी शिक्के आणि सगळ्या किल्ल्या.

जे सापडलं नाही, तेही यादीत लिहायचं. इथे मंजूर नकाशाची मूळ प्रत नव्हती, छायाप्रत होती. सचिव म्हणाले, मी पद घेतलं तेव्हाही नव्हती. त्यांना पद घेताना कोणी यादी दिली नव्हती, त्यामुळे हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. समितीने ‘मूळ प्रत उपलब्ध नाही, छायाप्रत मिळाली’ अशी नोंद करून चौघांच्या सह्या घेतल्या. आरोपही नाही आणि लपवाछपवीही नाही. पुढे महापालिकेकडून प्रमाणित प्रत मागवता येईल.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आजारी माणसाला इतका त्रास कशाला? प्रश्न रास्त आहे. उपविधीतली अट सोसायटीच्या भल्यासाठी आहे, पण तिचा गैरवापरही होतो. ‘काका, तेवढं एजीएमपर्यंत सांभाळा’ असं म्हणत पत्र टेबलाच्या खणात ठेवलं जातं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधी ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण उरकायचं असतं, आणि ही दोन्ही ओझी नेमकी त्याच माणसाच्या डोक्यावर राहतात ज्याला डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आहे. हे मला अन्यायाचं वाटतं. सचिवपद बहुतेक ठिकाणी मानद आहे. रात्री अकराला लिफ्ट अडकली, की फोन त्यांनाच जातो, आणि चार वर्षांत कोणी एकदाही विचारलेलं नसतं की तुम्हाला मदतनीस हवा का. अशा माणसाला काम पूर्ण करायला लावायचं असेल, तर बाकीच्या समितीने हातभार लावायला हवा. इतिवृत्तं त्यांनी सांगावीत, दुसऱ्याने लिहून घ्यावीत. ताळमेळ हिशेबनीसाने करावा, त्यांनी बघून सही करावी. दप्तर त्यांच्या घरी असेल, तर समितीने त्यांच्या घरी जावं. ते अंथरुणाला खिळले असतील, तर त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर घरच्या माणसाकडून यादी करून दप्तर घ्यावं. प्रकृतीचं कारण दिलं म्हणून वैद्यकीय दाखला मागण्याची काही गरज नाही. उपविधी कारण विचारत नाहीत, काम आणि कागद विचारतात.

दुसऱ्या टोकाला असेही सचिव असतात, जे राजीनामा देतात आणि दप्तर देत नाहीत. महिना, दोन महिने ‘आज देतो, उद्या देतो’ चालतं. तेव्हा समितीने आधी मुदत घालून लेखी मागणी करावी आणि मग उपनिबंधकांकडे अर्ज करावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८० मध्ये याची सोय आहे. संस्थेचे कागद दडवले, बदलले किंवा नष्ट केले जाण्याची शक्यता आहे, असं निबंधकांना वाटलं, तर ते कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन दप्तर जप्त करून घेऊ शकतात. दारात पोलिस येण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शेजाऱ्याच्या घरी ही वेळ आणणं कोणालाच नको असतं, म्हणूनच मंजुरीच्या आधी दप्तर बघून घेणं सगळ्यांच्या सोयीचं आहे.

राजीनामा देणाऱ्यानेही एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. पद सुटलं तरी त्या काळातल्या निर्णयांची जबाबदारी सुटत नाही. समितीचे सदस्य संस्थेच्या कारभाराला संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतात. दोन वर्षांनी कलम ८३ खाली चौकशी लागली आणि त्यात आपल्या काळातला खर्च आला, तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं, आणि तेव्हा कपाटाची किल्ली आपल्याकडे नसते. म्हणून सही झालेल्या यादीची मूळ प्रत, ताळमेळपत्रकाची प्रत आणि राजीनामा मंजूर केल्याच्या ठरावाची खरी प्रत आपल्या घरी ठेवावी. संस्थेचे मूळ कागद मात्र एकही ठेवू नयेत, ‘आठवण म्हणून’सुद्धा नाही. मोबाइलमधले सभासदांचे आधार आणि पॅनचे फोटो नव्या सचिवांना देऊन पुसून टाकावेत.

या सगळ्यानंतर पत्र कसं असावं? फार लांब नको. सुरुवात जशी आहे तशीच राहू द्या, प्रकृती आणि वेळ या दोन शब्दांपलीकडे खुलासा करायची गरज नाही. त्यापुढे एवढं लिहा: ‘मी सचिवपदाचा राजीनामा देत आहे, समितीचा सदस्य म्हणून काम करत राहीन’ किंवा ‘पद आणि समितीचे सदस्यत्व दोन्ही सोडत आहे’. मग, ‘३० जूनअखेरचे हिशेब, बँक ताळमेळ आणि सर्व इतिवृत्ते मी ५ जुलैपर्यंत पूर्ण करीन. सोबत माझ्या ताब्यातील दप्तराची यादी जोडली आहे. समितीने आपला प्रतिनिधी नेमून ती तपासून घ्यावी आणि त्यानंतरच राजीनामा मंजूर करावा.’ आता हेच वाक्य दोन्ही बाजूंना बांधतं, कारण त्यात तारीख आहे आणि मागे यादी आहे.

अध्यक्षांना माझी विनंती आहे. असं पत्र हाती आलं की ते खणात ठेवू नका. आठ दिवसांत समितीची सभा बोलवा, दप्तर घ्यायला माणूस नेमा, आणि ज्या दिवशी दप्तर ताब्यात घ्याल त्याच दिवशी, उठण्यापूर्वी, सही-शिक्क्याची यादी सचिवांच्या हातात द्या.